मुदत संपलेल्या मालाबद्दल: बिल नंबर ११८७, १२ जून २०२५ ची डिलिव्हरी

दिनांक १६ जून २०२५

नमस्कार शेठ,

१२ तारखेला तुमच्या गोडाऊनमधून जो माल आला त्यातल्या चार आयटमची मुदत दुकानात उतरायच्या आधीच संपलेली होती. तो माल परत घ्या, त्यातल्या काहीच्या बदल्यात नवीन माल द्या आणि बाकीचे पैसे बिलातून कमी करा, एवढ्यासाठी हे लिहितोय. फोनवर तुमच्या सेल्समनशी बोललो होतो पण तिथे नुसतं "बघतो, सांगतो" चाललंय, म्हणून सगळं लिहूनच देतो, म्हणजे नंतर कुणी काय बोललं यावरून वाद नको.

आधी माल कुठला ते सांगतो. क्रीम बिस्किटाचे ६ बॉक्स, प्रत्येकात २४ पुडे, बॅच ४४१७. पुड्यावर एक्सपायरीची तारीख छापलेली नाही, फक्त पॅकिंग १८ नोव्हेंबर २०२४ आणि "पॅकिंगपासून सहा महिने" असं लिहिलंय, म्हणजे हिशोब केला तर १८ मेलाच मुदत संपली. लहान बाळांच्या सिरीयलचे २ बॉक्स, मिळून २४ डबे, बॅच ०९३२, यावर स्पष्ट एक्सपायरी ३१ मे २०२५ आहे. ज्यूसचे १ लिटरवाले ३ बॉक्स आले त्यातला एक ठीक आहे, बाकीच्या दोनमधल्या २४ नगांवर ४ जून २०२५. आणि खाऱ्या शेंगदाण्याचं ४० पाकिटांचं एक खोकं, त्यात वरची १६ पाकिटं ताजी आणि खालची २४ जुन्या बॅचची, २० जानेवारीचं पॅकिंग, चार महिन्यांची मुदत, म्हणजे २० मेला खलास. सगळ्याचे फोटो, तारखेचे, बॅच नंबरचे आणि खोक्याच्या लेबलचे, व्हॉट्सॲपवर तुमच्या ऑफिसच्या नंबरला पाठवलेत, बिल आणि चलनाचा फोटो पण त्यातच आहे.

शेंगदाण्याच्या खोक्याबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण मला सगळ्यात जास्त तेच खटकलंय. खोक्याला खाकी टेपचे दोन थर आहेत, खालचा थर कापलेला आणि त्यावर नवीन टेप मारलेली. आतली वरची पाकिटं गुळगुळीत, खालची चुरगळलेली, आणि त्यातल्या तीन-चार पाकिटांवर कोपऱ्यात स्टिकर काढल्यावर राहतो तसा डिंकाचा चौकोनी डाग, त्याला धूळ चिकटलेली. माझ्या दुकानात मी त्या जागी स्टिकर लावतच नाही आणि ही पाकिटं तर खोक्यातून बाहेरही काढलेली नव्हती. म्हणजे हा माल आधी दुसऱ्या कुठल्या तरी दुकानात लागून परत आलाय आणि ताज्या मालाबरोबर एकाच खोक्यात भरला गेलाय असं मला तरी दिसतंय. तुम्ही मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, इतकी वर्षं माल घेतोय, तुमचा तसा अनुभव नाही. पण गोडाऊनमध्ये रिटर्नचा माल आणि विक्रीचा माल एकाच ठिकाणी पडत असेल तर हे आज माझ्याकडे आलं, उद्या दुसऱ्याकडे जाईल, तेव्हा हे तुम्ही स्वतः जाऊन बघा, माणसावर सोडू नका.

तुमच्या सेल्समनचं म्हणणं पडलं की चलनावर सही केलीय ना, मग आता कसं घेणार. शेठ, ती सही बॉक्स मोजून मिळाल्याची आहे. टेम्पो दारात उभा, मागे गाड्यांचा हॉर्न, ड्रायव्हरला पुढच्या दुकानात जायची घाई, अशा वेळी कुठलाही दुकानदार नग मोजतो, फुटलं-भिजलं बघतो, प्रत्येक खोकं फोडून आतल्या पाकिटाची तारीख वाचत नाही आणि वाचावी लागू नये हाच तर होलसेलवाल्याकडून घ्यायचा अर्थ आहे. माल लावताना तारखा बघायला घेतल्या तेव्हा ज्यूस आणि शेंगदाणे सापडले, ते शेल्फवर गेलेच नाहीत.

सिरीयल मात्र गेलं. एक बाई सकाळी डबा घेऊन गेल्या आणि दुपारी परत आल्या, डबा काउंटरवर ठेवून उलटा केला आणि तळाच्या तारखेवर बोट ठेवलं, एक शब्द बोलल्या नाहीत. बाळाला सहावा महिना लागलाय, पहिल्यांदाच वरचं काही द्यायला घेतलं होतं त्यांनी. डबा उघडलेला नव्हता, नशीब. मी लगेच पैसे दिले, माफी मागितली आणि त्याच वेळी शेल्फवरचे सगळे डबे खाली उतरवले. विकलेल्या ३ डब्यांपैकी दुसरा ओळखीच्या घरी गेला होता, तो फोन करून परत मागवला. तिसरा कुणी नेला ते काही केल्या कळत नाहीये, रोख घेऊन गेलेलं गिऱ्हाईक, नंबर नाही काही नाही. दारावर बॅच नंबर लिहून कागद लावलाय पण ते माणूस परत येईल तेव्हा ना. याची काळजी मला या सगळ्या पैशांपेक्षा जास्त आहे हे तुम्हाला मनापासून सांगतो.

बिस्किटाचे ९ पुडे विकले गेले, त्यातले ५ परत आले, त्यांचे पैसे मी दिले. एका गिऱ्हाइकाने सांगितलं की क्रीमला जुन्या तेलासारखा वास येतोय, आणि तो येणारच, मुदत उलटल्यावर त्यातली चरबी खवट व्हायला लागते.

आता ते "बेस्ट बिफोर" वालं. फोनवर मला ऐकवलं की बेस्ट बिफोर म्हणजे फक्त चवीचं असतं, त्याने काही होत नाही, थोडा डिस्काउंट लावून काढून टाका, नाहीतरी कंपनी एक्सपायर माल घेत नाही. यातलं एक खरं आहे, बेस्ट बिफोर ही क्वालिटीची तारीख आहे आणि एक्सपायरी ही वापरायची शेवटची तारीख आहे, दोन्हीत फरक आहे. पण सिरीयल आणि ज्यूसवर एक्सपायरी आहे, तिथे हा मुद्दाच येत नाही, आणि बाळाच्या खाण्यात डब्यावर छापलेली व्हिटॅमिन तेवढी राहतील याची हमी त्याच तारखेपर्यंत असते. राहिली बिस्किटं आणि शेंगदाणे, तर मी पूर्ण भाव देऊन ताजा माल मागवला होता, क्लिअरन्सचा माल मागवला नव्हता. आणि शेल्फवर जुनी तारीख सापडली की तपासणीवाला पहिल्यांदा दुकानदाराला धरतो, होलसेलरचं नाव नंतर येतं. गिऱ्हाईक तर तुम्हाला ओळखतही नाही, ते माझं तोंड बघून माल घेतं. म्हणून डिस्काउंटला काढणं माझ्याकडून होणार नाही, अर्ध्या भावातही नाही.

कंपनी परत घेते की नाही हा तुमचा आणि कंपनीचा विषय आहे. माझ्या शेल्फवर पडून मुदत संपली असती तर मी एक शब्द बोललो नसतो, तो धंद्यातला तोटा म्हणून मीच सोसला असता, आजवर सोसलाय पण. इथे तसं नाही. बिल १२ जूनचं, चारही आयटमची मुदत त्याच्या आधी संपलेली, सगळ्यात अलीकडची तारीख ४ जून. म्हणजे माझ्या दारात यायच्या आधीच हा माल विकण्यालायक राहिलेला नव्हता, मग त्याचे पैसे मी कशाचे देऊ?

आता मला काय पाहिजे ते. बिस्किटं आणि शेंगदाणे बदलून द्या, ६ बॉक्स बिस्किटं आणि २४ पाकिटं शेंगदाणे, पण नवीन मालाची किमान दोन तृतीयांश मुदत शिल्लक असली पाहिजे, नाहीतर महिन्याभराने परत हेच. सिरीयल आणि ज्यूसचे पैसेच बिलातून कमी करा, २४ डबे आणि २४ ज्यूस, बिलातल्या दराने, टॅक्ससकट. सिरीयल आत्ता मला ठेवायचंच नाहीये, गिऱ्हाइकांचा विश्वास बसेपर्यंत तरी नाही. त्याची क्रेडिट नोट द्या, फक्त तिच्यावर या बिलाचा नंबर आणि आयटम वेगवेगळे लिहा, नुसतं "अॅडजस्टमेंट" लिहून पाठवू नका, माझा अकाउंटवाला ते घेत नाही.

परत द्यायला माझ्याकडे आत्ता बिस्किटाचे १४० पुडे, सिरीयलचे २३ डबे, ज्यूसचे २४ आणि शेंगदाण्याची २४ पाकिटं आहेत. बिस्किटाचे ४ पुडे आणि सिरीयलचा १ डबा गिऱ्हाइकांकडे राहिला, ते परत येणार नाहीत असं धरून चाला, पण ते सुद्धा मुदत संपलेलेच होते आणि जो कुणी पुडा किंवा डबा घेऊन येईल त्याला मी पैसे देणारच आहे, तेव्हा ते पण धरा. सगळा माल मागच्या खोलीत वेगळा ठेवलाय, वर "विक्रीसाठी नाही" असं मार्करने लिहिलंय. न्यायला गाडी तुमची पाठवा, भाडं माझ्यावर नको. नेताना माणसाने बॅच आणि नग लिहून सही करून पावती द्यायची आणि माझ्यासमोर प्रत्येक खोक्यावर क्रॉस मारायचा. हे थोडं कडक वाटेल पण शेंगदाण्याचं खोकं बघितल्यावर मला हा माल परत कुणाच्या दुकानात गेलेला चालणार नाही.

हे सगळं २५ जूनपर्यंत व्हावं. या बिलातले बाकीचे आयटम बरोबर आले, त्यांचे पैसे मी ठरल्याप्रमाणे ३० तारखेला देतोय, त्यात अडवाअडवी करणार नाही. फक्त या चार आयटमची रक्कम निकाल लागेपर्यंत धरून ठेवतोय. २५ पर्यंत काहीच झालं नाही तर ती रक्कम वजा करूनच पेमेंट करीन आणि फोटोंसकट लेखी तक्रार अन्न तपासणीच्या ऑफिसात देईन, आणि तशी वेळ यावी असं मला अजिबात वाटत नाही.

पुढच्या ऑर्डरपासून बिलावर प्रत्येक आयटमसमोर बॅच आणि एक्सपायरी टाकायला सांगा, कॉम्प्युटरवरच बिल निघतं तुमचं, एक कॉलम वाढेल. आणि गोडाऊनमध्ये आधी आलेला आधी काढा एवढ्यावर भागत नाही, ज्याची मुदत आधी संपते ते आधी काढायचं, कारण कधीकधी नंतर आलेल्या लॉटची तारीख जवळची असते. ते होईपर्यंत टेम्पो आला की मी प्रत्येक आयटमचं एक खोकं ड्रायव्हरसमोर फोडणार, दहा मिनिटं जास्त लागतील, त्याला तसं सांगून ठेवा.

आणि एक काम मात्र आजच करा. सिरीयलची ०९३२ बॅच अजून कुणाकुणाला गेलीय ते बिलं काढून बघा आणि त्या दुकानदारांना फोन करा. माझा हिशोब दोन दिवस मागेपुढे झाला तर चालेल, हे थांबायला नको.

दुकानात मी सकाळी ८ ते रात्री ९ असतो, तुम्ही स्वतः फोन केलात तर बरं होईल, सेल्समनमार्फत नको.

आपला,
विलास
(किराणा दुकानदार, बिल नंबर ११८७)

सोबत: बिल आणि चलनाची झेरॉक्स, तारखा आणि बॅच नंबरचे फोटो, गिऱ्हाइकांना परत दिलेल्या पैशांची नोंद