उत्तर तपासणी: बारावी वाणिज्य, अंतिम खाती, चोपड्याचे भुसार दुकान (31 मार्च 2025)

मयुरेश, तुझा ताळेबंद 9,598.25 रुपयांनी जुळत नाही, पण उत्तर सगळे चुकलेले नाही. समायोजना तुला समजल्या आहेत. नवीन बुडीत कर्ज 1,350 आधी वजा करून उरलेल्या 95,150 वर 5 टक्के काढलेस, हे अगदी बरोबर. तिथे बरेच जण चुकतात.

खरा घोटाळा तेरजेत आहे. तुझी नावे बेरीज 7,16,230 आणि जमा बेरीज 7,28,450 आली. फरकाचे 12,220 तू सस्पेन्स खात्याला टाकलेस आणि पुढे गेलास. प्रश्नात सस्पेन्स खाते दिलेले नसेल तर तेरजेतला फरक म्हणजे आपलीच चूक. ती शोधल्याशिवाय व्यापार खात्याला हात लावायचा नाही.

फरकाला 2 ने भागून त्या रकमेचे खाते शोधायचे, हे तुला माहीत आहे. इथे 6,110 येतात आणि तेवढ्या रकमेचे एकही खाते नाही. 9 ने भागून पाहिले तरी पूर्ण भाग जात नाही. म्हणजे चुका एकापेक्षा जास्त आहेत आणि त्या एकमेकींना झाकतात. अशा वेळी प्रत्येक खात्याची बाजू तपासत खाली यायचे. तसे केले की आवक परत 6,200 जमा बाजूला सापडते. गिऱ्हाइकाने परत केलेला माल विक्री कमी करतो. विक्री जमा, म्हणून आवक परत नावे. बाजू बदलल्याने फरक दुप्पट पडतो, म्हणजे 12,400.

आता 12,400 वजा 12,220 म्हणजे 180 उरले. याला 9 ने पूर्ण भाग जातो, तेव्हा अंकांची अदलाबदल असणार. रोखपुस्तकाच्या पहिल्या पानाखाली मिळालेल्या रकमांची बेरीज 74,350 आहे आणि दुसऱ्या पानावर 'मागील बेरीज पुढे आणली' समोर तू 74,530 लिहिलेस. त्यामुळे रोख शिल्लक 18,460 ऐवजी 18,640 झाली. पान उलटले की आकडा लिहून लगेच मागे वळून मोठ्याने वाचायचा. ही सवय लावच.

दोन्ही दुरुस्त्या केल्यावर तेरीज 7,22,250 ला जुळते आणि सस्पेन्स खाते राहत नाही.

आवक परतीची चूक पुढेही गेली आहे. व्यापार खात्यात तू ते 6,200 जावक परतीच्या 4,800 सोबत खरेदीतून वजा केलेस आणि विक्री पूर्ण 4,92,000 ठेवलीस. म्हणून ढोबळ नफा 1,20,660 आला. निव्वळ विक्री 4,85,800 आणि निव्वळ खरेदी 3,79,200 घेतल्यास तो 1,08,260 येतो.

अदत्त भाडे: 24,000 हे दहा महिन्यांचे, म्हणून दरमहा 2,400 आणि दोन महिन्यांचे 4,800. नफा-तोटा खात्यात बरोबर मिळवलेस, पण ताळेबंदात मालमत्ता बाजूला ठेवलेस. द्यायचे राहिलेले पैसे ही देयता आहे. हीच बाजूची चूक, म्हणून पुन्हा दुप्पट: 9,600.

तुझा ताळेबंदातला फरक 9,598.25, म्हणजे 9,600 ला फक्त 1.75 कमी. हे 1.75 पूर्णांकनाचे आहेत. फर्निचर 45,750 वर साडेसात टक्के घसारा 3,431.25 येतो. नफा-तोटा खात्यात तू 3,430 घेतलेस, ताळेबंदात 3,431.25. इथे 1.25 गेले. संशयित कर्जनिधी 4,757.50 येतो. एकीकडे 4,757, दुसरीकडे 4,757.50, म्हणजे आणखी 50 पैसे. एकच रक्कम दोन ठिकाणी दोन रूपांत लिहायची नाही. हिशेब काढतानाच, पहिल्या नोंदीपूर्वी, पूर्णांक करायचा: 50 पैसे किंवा जास्त असतील तर वरचा रुपया, कमी असतील तर सोडून द्यायचे. म्हणून घसारा 3,431 आणि निधी 4,758, दोन्ही खात्यांत तेच. 3,431.25 चे 3,430 करणे हे दहाच्या पटीत आणणे झाले. तसे प्रश्नात सांगितलेले नाही.

व्यापार खात्यापासून पुढचे उत्तर पुन्हा लिही. निव्वळ नफा 24,721, ऋणको 90,392, फर्निचर 42,319, भांडवल उचल वजा करून आणि नफा मिळवून 1,44,721, आणि ताळेबंद दोन्ही बाजूंनी 2,22,171. हे आकडे आले नाहीत तर खाडाखोड न करता वही तशीच आण, कुठे वळण चुकले ते पाहू.