द्राक्ष बागायतदार परिषद, नाशिक: पहिल्या दिवशीचं स्वागत आणि सूचना

राम राम मंडळी! आवाज मागपर्यंत येतोय ना? खांबाच्या मागे बसलेत त्यांनी जरा हात वर करा... बरं, येतोय म्हणजे. मग सुरू करतो, साडेनऊ वाजलेत आणि साडेनऊलाच सुरू करायचं असं ठरवलं होतं, खुर्च्या अर्ध्या रिकाम्या असल्या तरी. ज्यांची मिसळ अजून चालूये ते येतील मागून, कुणी त्यांच्यासाठी जागा धरून ठेवू नका, पुढच्या रांगा भरा आधी. लग्नात आपण पुढे बसत नाही कारण आहेर द्यायला लवकर उठावं लागतं, इथे तसलं काही नाही.

सगळ्यांचं मनापासून स्वागत. तासगाव, मिरजेकडची मंडळी रात्रभर प्रवास करून आलीत, पंढरपूर-कासेगावची गाडी पहाटे चारला पोचली, जुन्नर-नारायणगाववाले, इंदापूर-बारामतीवाले, आणि आपले निफाड, दिंडोरी, चांदवडचे तर आहेतच. कसमादेवाल्यांचं जरा जास्त कौतुक करतो, कारण आपण बाकीचे ऑक्टोबर छाटणीच्या आधी निवांत आहोत पण सटाण्याकडे अर्ली बागांची छाटणी आत्ता चालूये, मजूर बागेत आणि मालक इथे, त्यामुळे त्यांचे फोन सारखे वाजणार हे आम्ही धरून चाललोय. फोन घ्या, पण बाहेर जाऊन घ्या, आणि "हॅलो, मी परिषदेत बसलोय" हे सांगायला खुर्चीतून ओरडू नका. ताया-मावश्या यंदा बऱ्याच आल्यात, बरं वाटलं बघून. डिपिंग, विरळणी, पॅकिंग सगळं त्याच बघतात आणि आजवर परिषदेला मात्र फक्त दादा यायचे.

आता वेळा सांगतो. कागद तुमच्या पिशवीत आहे, पण तो कुणी वाचत नाही हे मला माहितीये म्हणून तोंडी सांगतो. दहाला पहिलं सत्र, पान-देठ परीक्षण आणि खतं, दीड तास. साडेअकराला चहा, पंधरा मिनिटं. पावणेबाराला डाउनी आणि भुरी, सव्वाला संपेल आणि सव्वालाच संपेल, वक्त्यांना मी आधीच सांगून ठेवलंय की बेल वाजली की माईक बंद. जेवण सव्वा ते सव्वादोन. मग चार वाजेपर्यंत रेसिड्यूचं सत्र. हे कृपा करून चुकवू नका, जेवण झाल्यावर झोप येते हे मान्य आहे पण एक्स्पोर्टवाल्यांनी तर डोळ्यात पाणी मारून बसायचं. 2010 साली सीसीसीच्या अवशेषांवरून युरोपात आपले कंटेनर अडकले ते आठवतंय ना, ज्यांचा माल तेव्हा त्यात होता असे लोक या हॉलमध्ये बसलेत, चहाच्या वेळी त्यांना विचारा काय झालं होतं. फवारणी आणि काढणी यांच्यात किती दिवस सोडायचे याचा तक्ता त्या सत्रात मिळणार आहे, फक्त हजर असलेल्यांना, नंतर व्हॉट्सअपवर पाठवा म्हणून मेसेज करू नका. चारला परत चहा, सव्वाचार ते साडेपाच मोकळे प्रश्न. प्रश्न म्हणजे प्रश्न हां, स्वतःच्या बागेचा इतिहास नाही.

मधल्या वेळेत खाली जिन्याजवळ सूक्ष्मदर्शकाचा टेबल आहे. काड्या घेऊन या असं आधीच कळवलं होतं, ज्यांनी आणल्यात त्यांनी त्यावर गावाचं नाव, व्हरायटी आणि प्लॉट लिहून चिठ्ठी बांधून ठेवा. कितव्या डोळ्यात घड आहे ते बघून छाटणी कुठे घ्यायची ते सांगतील. थॉमसन आणि शरद एकाच पेंडीत बांधून "बघा काय दिसतंय" असं म्हणू नका. हा टेबल फक्त चहा-जेवणाच्या वेळेत चालू राहील, सत्र चालू असताना बंद, नाहीतर मला माहितीये, वर हॉल रिकामा आणि खाली टेबलाभोवती गर्दी.

उद्या रविवारी बागेची भेट. बस सकाळी सातला गेटवरून निघेल, सातला म्हणजे सात, साडेसहाला पोहे आणि चहा तयार असेल. दिंडोरीकडे जायचंय, पाऊस होऊन गेलाय, चिखल असणार, चपला घालून येऊ नका, बूट घाला. गवतात जनावर असू शकतं हे तुम्हाला मी काय सांगायचं. बागेत शिरताना तिथे ट्रे ठेवलेत त्यात बूट बुडवूनच आत जायचं, आणि कात्री खिशात न्यायची नाही. "एक काडी घेतो फक्त" असं म्हणत चाळीस जण चाळीस काड्या घेतात, मालकाने बाग दाखवली हा त्याचा गुन्हा नाही. अकरापर्यंत परत, मग शेवटचं सत्र, दीडला जेवण आणि मोकळे.

जेवणाचं. श्रावण आहे त्यामुळे दोन्ही दिवस शाकाहारी, यावर चर्चा नको. आज शनिवार आहे म्हणून उपवासवाल्यांची सोय वेगळी केलीये, भगर, दाण्याची आमटी, साबुदाण्याची खिचडी, डाव्या हाताचा शेवटचा टेबल, पांढरं कापड घातलंय तो. उपवास नसताना खिचडीच्या रांगेत उभं राहणारे दरवर्षी असतात, त्यांना आम्ही तोंडाने ओळखतो. चातुर्मासात कांदा-लसूण बंद असणाऱ्यांसाठी वरण आणि बटाट्याची भाजी कांदा-लसणाशिवाय आहे, हिरवा कागद लावलेली भांडी. बाकीच्यांना पिठलं, बाजरीची भाकरी, ठेचा, भात-वरण, मठ्ठा आणि जिलबी. ठेचा खानदेशी आचाऱ्याने केलाय, सांगलीच्या मंडळींनी आधी टोकाला चव घेऊन बघा, मग ताटात वाढून घ्या.

जेवायची जागा खाली, मागच्या शेडमध्ये. चारशे माणूस एकदम खाली उतरलं तर जिन्यात चेंगराचेंगरी होईल, म्हणून बिल्ल्याचा रंग बघा. पिवळा बिल्ला सव्वाला, निळा बिल्ला पावणेदोनला, तोवर निळ्यांनी स्टॉल बघा. शुगरवाले, इन्सुलिन घेणारे, गोळी घेऊन वेळेवर खायचंच असतं असे कुठल्याही रंगाचे असोत, सरळ पुढे जा आणि वाढणाऱ्याला सांगा, कुणी अडवणार नाही, आणि कुणी अडवलं तर मला फोन करा. पिण्याचं पाणी प्रत्येक मजल्यावर जारमध्ये आहे, स्टीलचे ग्लास आहेत, बाटल्या नाहीत. ताटात टाकू नका एवढंच, हवं तेवढं परत परत घ्या. रात्रीचं जेवण साडेसातला, मुक्कामी असलेल्यांसाठी.

आता दोन मिनिटं मोबाईल खाली. खरंच खाली ठेवा. मी पण ठेवतोय.

या हॉलला किती दरवाजे आहेत, न बघता सांगा... दोन? तीन? कुणी चार म्हणतंय. बाहेर पडायचे दरवाजे तीन आहेत. एक मागे, ज्यातून तुम्ही आलात, मोठ्या जिन्याचा. दुसरा माझ्या डावीकडे म्हणजे तुमच्या उजवीकडे, स्टेजच्या बाजूला, तिथून बाहेरच्या लोखंडी जिन्याने सरळ खाली पार्किंगमध्ये. तिसरा तुमच्या डावीकडे मधोमध, पडद्याच्या बाजूला, त्यातून गॅलरी आणि मग मागचा जिना. चौथा जो दिसतोय तो भांडी ठेवायच्या खोलीचा आहे, आत गेलात तर अडकाल, त्यावर आम्ही लाल फुली मारलीये. तिन्ही दरवाज्यांवर हिरवी पाटी आहे, पळणाऱ्या माणसाचं चित्र, लाईट गेली तरी ती चालू राहते. आता प्रत्येकाने मान वळवून तुमच्या खुर्चीला सर्वात जवळचा कुठला ते बघा. वळवा ना राव, लाजताय काय. बहुतेकांना जवळचा दरवाजा तो नाहीये ज्यातून तुम्ही आलात. माणूस घाबरला की आल्या वाटेनेच पळतो आणि सगळे एकाच दारात अडकतात, म्हणून हे आत्ताच बघून ठेवायचं.

नुसती लाईट गेली तर बसून राहा, जनरेटर काही सेकंदात सुरू होतो. पण भोंगा वाजला, सलग, थांबत नाही असा, तर उठायचं, पिशवी, काड्या, चार्जर सगळं सोडायचं आणि चालत निघायचं. लिफ्ट नाही, जिनाच. धूर असेल तर वाकून, जमिनीलगत, धूर वर जातो, खाली श्वास घ्यायला हवा असते. तोंडावर उपरणं धरा. आणि बाथरूममध्ये लपायला कुणीही जायचं नाही. मुंबईत कमला मिलला डिसेंबर 2017 मध्ये आग लागली, 14 जण गेले, त्यातले बरेच जण बाथरूमकडे गेले होते आणि धुराने गुदमरले. दिल्लीच्या उपहार थिएटरात 1997 ला 59 माणसं गेली, तिथे जास्तीच्या खुर्च्या बसवून बाहेर पडायची वाट बंद केली होती. म्हणून आज सकाळी काही जणांनी मधल्या वाटेत खुर्च्या ओढल्यात त्या आत्ता उचला. हो, तुम्हीच, काका. स्वयंसेवक येतायत मदतीला. गर्दी वाढली तर आम्ही खाली स्क्रीन लावलीये, तिकडे बसा, वाटेत कुणी बसायचं नाही, अगदी माझे नातेवाईक असले तरी.

ज्यांचे गुडघे दुखतात, काठी आहे, बायपास झालीये, त्यांनी स्टेजजवळच्या दारापाशी पहिल्या दोन रांगांत बसा. त्या रांगांसाठी चार पोरं ठेवलीत, केशरी टोप्यांची, धरून खाली नेतील. खाली उतरल्यावर सगळ्यांनी गेटच्या डाव्या बाजूला चिंचेखालच्या मोकळ्या जागेत थांबायचं, तालुक्याप्रमाणे उभे राहा म्हणजे कोण कमी आहे ते लगेच कळेल. गाडी काढायला धावू नका, तुमची गाडी गेटमध्ये आली की बंब आत येणार कसा? परत वर यायचं ते फक्त मी माईकवर सांगितल्यावर.

छोटी आग असेल, कचरापेटीत वगैरे, तरच लाल सिलिंडरला हात लावा, प्रत्येक दाराशी एक आहे. पिन ओढायची, नळी ज्वाळेकडे नाही तर आगीच्या बुडाशी धरायची, दांडा दाबायचा आणि इकडून तिकडे फिरवायची. वीस सेकंदात नाही विझली तर सोडा आणि निघा. अग्निशमन 101, अॅम्ब्युलन्स 108, आणि काहीच आठवलं नाही तर 112. चक्कर आली, छातीत दुखलं, तर खाली नोंदणीच्या टेबलाशेजारी नर्स ताई बसल्यात, गॅस झालाय म्हणून अंगावर काढू नका.

आणखी एक, लोखंडी जिन्याच्या खाली एक पांढरी बोलेरो आणि पाच-सहा मोटारसायकली लावल्यात. पाटी आहे तिथे, पण असो. ती वाट मोकळी झाल्याशिवाय मी पहिलं सत्र सुरू करणार नाही, वक्ते तयार बसलेत, घड्याळ तुमच्यासमोर आहे. बोलेरो कुणाची आहे? उठले, उठले, छान. मोटारसायकलवाले पण चला त्यांच्या मागोमाग, आणि तोवर बाकीच्यांनी पिशवीतला पान-देठ परीक्षणाचा पिवळा कागद बाहेर काढा, पेन नसेल तर हात वर करा.