पाडवा ते पाडवा: पुस्तकाचा आराखडा

चिनू,

फोटोंचा ढीग चाळून झाला. आता पुस्तकाचं ठरवून टाकू या. आईबाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला, म्हणजे मेमध्ये, ते हातात हवं.

पहिलं म्हणजे वर्ष जानेवारीपासून धरायचं नाही. 30 मार्च 2025 च्या पाडव्याला कोथरूडच्या जुन्या गच्चीवर गुढी होती आणि 19 मार्च 2026 ला भाड्याच्या फ्लॅटच्या खिडकीत. मधल्या काळात सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली. आपल्याला सांगायचंय ते एवढंच, त्यामुळे जे फोटो या गोष्टीत बसत नाहीत ते बाहेर. तुमची केरळची ट्रिपसुद्धा. वहिनी रागावेल, पण तिचं वेगळं पुस्तक करू.

आकार 8 बाय 8 इंच, हार्डबाउंड, 48 पानं. प्रेसवाल्याला चारच्या पटीत पानं लागतात. 40 मध्ये गणपती गुदमरतात आणि 56 केली तर भरतीचे फोटो घालावे लागतील. पान 1 उजवीकडे येतं, म्हणून जोडपानं 2-3, 4-5 अशी पडतात. वाटणी अशी:

1 – नाव आणि वर्ष, फोटो नाही
2-3 – गच्चीवरची गुढी
4-7 – उन्हाळा: कुरडया, आंब्याची पेटी, गच्चीवरच्या गाद्या
8-11 – पालखी
12-15 – पाऊस, खडकवासला, गळकं छत
16-23 – गणपती
24-25 – सोसायटीचा अख्खा ग्रुप फोटो
26-29 – दिवाळी, पोरांचा किल्ला
30-33 – थंडी, हुरडा
34-43 – रिकामं होत गेलेलं घर
44-45 – सामानाचा टेम्पो
46-47 – नवी गुढी
48 – कोण कोण आहे, त्याची यादी

घराला दहा पानं जास्त वाटतील, पण मी हटणार नाही. तिथे महिने विसरायचे आणि दारातून आत शिरल्यासारखं जायचं: जिना, हॉल, स्वयंपाकघर, देवघर, मागची बाल्कनी. डाव्या पानावर वापरातली खोली, उजव्या पानावर तीच खोली रिकामी. शक्यतो त्याच कोनातून.

बाकीचा क्रम तारखेचा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंवर खरी तारीख राहत नाही, मावशीचे सगळे तसेच आहेत. म्हणून सणांच्या खुंट्या धरल्या: पालख्या पुण्यात 20 जूनला आल्या, गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला, विसर्जन 6 सप्टेंबरला, लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला. मखर अर्धवट दिसलं की तो फोटो 27 च्या आधीचा.

छपाईला इंचाला 300 पिक्सेल धरायचे. पूर्ण पानाला 2400 बाय 2400 हवेत, आणि तुझ्या फोनचा मूळ फोटो 4000 बाय 3000 आहे, म्हणजे आरामात. मावशीच्या फोटोंची मोठी बाजू 1600 च भरते, म्हणजे पाच इंचांच्या वर ताणायचे नाहीत. तिच्याकडून मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून मागव. आजी खळखळून हसतेय ते फक्त व्हिडिओत आहे. त्यातली फ्रेम छोटीच लावू, पण लावू. ग्रुप फोटोत मधल्या शिवणीवर कुणाचा चेहरा येता कामा नये. तळमजल्यावरचे काका नेमके मध्यभागी उभे आहेत, तेव्हा फोटो थोडा डावीकडे सरकवावा लागेल.

फोटोखालच्या ओळी मी लिहायला घेतल्यात. जे दिसतंय ते लिहायचं नाही, जे दिसत नाही तेच लिहायचं. ‘आम्ही गणपतीत’ असलं काही नको. काही नमुने:

पान 3: काठी शेजारच्यांची, साडी आईची. गडू ऐनवेळी सापडला.
पान 9: लक्ष्मी रोड. बाबांनी ज्यांना पाणी दिलं, ते वारकरी त्यांच्याच शाळेतले निघाले.
पान 14: बादली क्रमांक तीन. पहिल्या दोन हॉलमध्ये.
पान 21: आरतीत ‘घालीन लोटांगण’ला सगळ्यात जोरात कोण, हे गल्लीला माहीत आहे.
पान 28: किल्ल्यावर यंदा मावळ्यांबरोबर एक जेसीबीही होता. पोरांचीच कल्पना.
पान 39: ओट्याखालचा डाग 1994 पासूनचा. आई म्हणते, हळदीचा.
पान 45: देव्हारा टेम्पोत गेला नाही. आजीने तो रिक्षात मांडीवर नेला.

पान 40-41 ला एकही अक्षर नको. रिकामं देवघर आहे, तिथे काय लिहिणार?

ओळी दोनच्या पुढे जाऊ द्यायच्या नाहीत. अक्षर 10 पॉइंट ठेवू, आजीला चष्म्याने वाचता यावं. प्रेसला मजकूर टाइप करून पाठवू नकोस, फॉन्ट आत घातलेली पीडीएफच दे, नाहीतर जोडाक्षरं फुटतात. कडेचे 3 मिमी कापले जातात, तेवढा फोटो बाहेर सोड.

तुझ्याकडे पानं 8 ते 33, माझ्याकडे उरलेली. तुझी निवड रविवारपर्यंत पाठव. पानाला सरासरी दोन फोटो, त्याहून जास्त नको. आधी एकच प्रत काढू, ती बाबांना शुद्धलेखनासाठी देऊ (नाही दिली तरी ते लाल पेन घेऊन बसतीलच), मग उरलेल्या चार: आईबाबा, मावशी, तू, मी. बाबांच्या खुणांची प्रत आजीकडे.

– ताई