चेंज रिक्वेस्ट : 8 एमएम ब्रॅकेटसाठी पावडर कोटिंग कन्व्हेयरचा स्पीड कमी करणे

विभाग : पेंट शॉप, चाकण प्लांट
तारीख : 14 जुलै 2025
विनंती करणारा : पेंट शॉप लाइन इनचार्ज
बदलाचा प्रकार : कायमस्वरूपी, फक्त 8 एमएम ब्रॅकेटपुरता

आत्ता मंजूर असलेलं : कन्व्हेयर 2.0 मीटर/मिनिट, ओव्हनची हवा 200 डिग्री
हवं असलेलं : कन्व्हेयर 1.6 मीटर/मिनिट, टेंपरेचर तेच

कारण :
गेल्या महिन्यात दोन लॉट कस्टमरकडून परत आले, बोल्ट आवळला की भोकाभोवतीचा पेंट टवके उडून निघतो. आधी आम्हाला वाटलं प्रीट्रीटमेंटचा घोळ असेल पण फॉस्फेटचं वजन बरोबर निघालं, मग एमईके रब टेस्ट घेतली तर कापडाला काळा रंग लागला आणि पेंट मऊ पडला, म्हणजे पावडर नीट भाजलीच जात नाहीये. डेटा लॉगर लावून ब्रॅकेट ओव्हनमधून सोडलं. पावडरच्या डेटाशीटप्रमाणे पार्ट स्वतः 180 डिग्रीला 10 मिनिटं राहायला पाहिजे, हवा किती गरम आहे त्याला अर्थ नाही. आपलं ओव्हन 40 मीटर, म्हणजे पार्ट आत 20 मिनिटं, त्यातली 13 मिनिटं जाड लोखंड तापण्यातच जातात आणि उरतात फक्त 7. मंजूर स्पीड 3 एमएम ब्रॅकेटवर ठरवला होता, 8 एमएम नंतर आलं आणि तीच शीट पुढे चालू राहिली. 1.6 ला पार्ट आत 25 मिनिटं राहतो, 180 च्या वर 12 मिनिटं मिळाली, ट्रायलच्या 60 पार्टमधले 5 काढून रब टेस्ट आणि क्रॉसकट केली, पाचही पास.

टेंपरेचर का वाढवत नाही : त्याच ओव्हनमधून पांढरे पातळ पार्ट जातात, ते पिवळे पडतील. आणि दर वेळी सेटिंग बदलून ओव्हन स्थिर व्हायची वाट बघण्यात शिफ्टचा वेळ जाईल, स्पीड मात्र लगेच बदलता येतो.

इतर परिणाम :
प्रीट्रीटमेंट त्याच कन्व्हेयरवर आहे, त्यामुळे फॉस्फेटचा वेळ 60 वरून 75 सेकंद होईल. ट्रायलमध्ये कोटिंग वजन मर्यादेतच होतं तरी पहिले 3 लॉट दर लॉटला तपासू. गनसमोर पार्ट जास्त वेळ राहणार म्हणून पावडर आउटपुट कमी करावाच लागेल, नाहीतर जाडी 80 मायक्रॉनच्या वर जाईल, हे ऑपरेटरच्या सेटिंग शीटवर मोठ्या अक्षरात हवं. तासाला 240 ऐवजी 192 हँगर निघतील. हे ब्रॅकेट आठवड्यात दोनच शिफ्ट चालतं, प्लॅनिंगशी बोलणं झालंय, त्यांना चालेल. पातळ पार्ट यात मिसळायचे नाहीत, मध्ये 20 हँगर रिकामे सोडायचे.

बदलायची कागदपत्रं : कंट्रोल प्लॅन, पीएफएमईए, सेटिंग शीट. कस्टमरची लेखी मंजुरी येईपर्यंत 1.6 वर बनवलेला माल पाठवायचा नाही, वेगळ्या रॅकवर होल्ड टॅग लावून ठेवू. जुन्या स्पीडचा स्टोअरमधला मालही क्यूएने रब टेस्ट केल्याशिवाय सोडू नये ही माझी कळकळीची विनंती, कारण तो असाच गाडीत चढला तर परत तेच टवके आणि परत तीच गाडी.

सही हवी : क्यूए, प्रॉडक्शन, प्रोसेस इंजिनिअरिंग, प्लांट हेड