पतसंस्थेला पाठवायच्या डीएनएस टिपणावरचे शेरे

तुझं टिपण नीट वाचलं. वेबसाइट शनिवारी रात्री 10 वाजता 192.0.2.10 वरून 203.0.113.25 वर जाणार, तेव्हा शाखांमध्ये काय दिसेल, हे तू सोपं करून सांगितलं आहेस. नावावरून आयपी शोधून देणारा रिझॉल्व्हर म्हणजे काय, हा परिच्छेद मी जसाच्या तसा ठेवीन. मधला भाग मात्र असाच गेला, तर रात्री अकराला सचिवांचा फोन येईल, 'तुम्ही तर पाच मिनिटं म्हणाला होता'. आणि त्यांचं म्हणणं रास्त असेल.

सगळ्यात मोठी दुरुस्ती आधी. तू लिहिलं आहेस, 'रात्री 10 वाजता टीटीएल 300 करून त्याच वेळी आयपी बदलू, म्हणजे 10:05 पर्यंत सर्वांना नवी साइट दिसेल.' हे होणार नाही. सध्या नावाचा आयपी सांगणाऱ्या ए रेकॉर्डचा टीटीएल, म्हणजे उत्तर जपून ठेवायची मुदत, 14400 सेकंद आहे, म्हणजे चार तास. एखाद्या शाखेच्या रिझॉल्व्हरने 9:58 ला नाव विचारलं, तर त्याला जुना आयपी मिळाला आणि सोबत 'चार तास जपून ठेव' ही मुभाही मिळाली. त्यानंतर आपण 300 लिहिलं काय किंवा 30 लिहिलं काय, त्याला ते कळतच नाही, कारण रात्री 1:58 पर्यंत तो आपल्याला पुन्हा विचारणारच नाही. बदल कधी दिसणार हे जुना टीटीएल ठरवतो. नवा टीटीएल उपयोगी पडतो तो त्याच्या पुढच्या बदलाला.

म्हणून टीटीएल शुक्रवारी दुपारी 300 करायचा. जुने चार तास शनिवारी रात्रीच्या खूप आधी संपलेले असतील आणि मग तुझं पाच मिनिटांचं वाक्य बहुतेकांच्या बाबतीत खरं ठरेल. रविवारी सगळं सुरळीत दिसलं की टीटीएल परत 14400. आयपी परत जुना करायची वेळ आली तर हेच 300 आपल्याला वाचवतील, त्यामुळे ते वाढवायची घाई नको.

दुसरं, 'दवंडी पिटावी तसा बदल जगभर पसरतो' हे वाक्य काढून टाक. दवंडी कुणीच पिटत नाही. आपला सर्व्हर कुणाला काही कळवत नाही. ज्याची प्रत शिळी झाली तो आपणहून विचारायला येतो, तोही कुणी ग्राहक त्याच्याकडे ते नाव मागेल तेव्हाच. प्रत्येक रिझॉल्व्हरचं घड्याळ वेगळ्या क्षणी सुरू झालेलं असतं. म्हणून एकाला बदल लगेच दिसतो आणि शेजारच्याला तीन तासांनी, आणि यात कुणाचंच काही बिघडलेलं नसतं. शाखांना हीच गोष्ट समजायला हवी. (आपल्याच दोन नेमसर्व्हरांमध्ये मात्र कळवाकळवी होते, आपल्या नावांच्या मुख्य नोंदीतला, म्हणजे एसओएमधला, अनुक्रमांक वाढला तर. तो वाढवायला विसरू नकोस, नाहीतर दुय्यम सर्व्हर जुनंच उत्तर देत राहील आणि आपण टीटीएलला दोष देत बसू.)

तुझी 'चार तास रिझॉल्व्हरचे, चार राउटरचे, चार संगणकाचे, म्हणजे एकूण बारा' ही बेरीजही चूक आहे. रिझॉल्व्हर पुढे उत्तर देतो तेव्हा उरलेली सेकंदं देतो, पूर्ण 14400 नाही. हे स्वतः बघ:

```
dig +noall +answer www.example.com A
www.example.com.  9312  IN  A  192.0.2.10
```

थोड्या वेळाने पुन्हा विचारलंस तर 9312 चा आकडा खाली आलेला असेल. तोच प्रश्न `@ns1.example.com` लावून थेट आपल्या नेमसर्व्हरला विचार, दर वेळी पूर्ण 14400 येईल, कारण तिथे कॅशे नाही, मूळ नोंद आहे. टिपणासोबत हा प्रयोग दे. संगणक बघणाऱ्या त्यांच्या माणसाला तो नक्की पटेल. गूगलच्या 8.8.8.8 या सार्वजनिक रिझॉल्व्हरला विचारलं तर आकडा मागेपुढे उड्या मारतो, कधी नवा आयपी आल्यावर परत जुनाही येतो. त्या एका पत्त्यामागे अनेक यंत्रं आहेत आणि त्यांचे कॅशे वेगवेगळे आहेत. बदल उलटला असं समजून कुणी रेकॉर्डला पुन्हा हात लावू नये, हे ठळक लिही.

48 तासांचा आकडा तू 'सुरक्षित अंदाज' म्हणून टाकला आहेस. तो हवेतला नाही. .com च्या सर्व्हरांवर नेमसर्व्हरांच्या नोंदींचा टीटीएल 172800 सेकंद असतो, म्हणजे बरोबर 48 तास, आणि तो आपल्याला कमी करता येत नाही. पण आपण नेमसर्व्हर बदलत नाही आहोत, फक्त ए रेकॉर्ड बदलतोय. इथे तो आकडा लिहिला तर शाखा दोन दिवस विनाकारण काम थांबवतील.

आता तू लक्षातच न घेतलेली गोष्ट, जी मला सर्वात जास्त खटकते. कर्ज अर्जासाठी karj.example.com हे नवं नाव त्याच रात्री सुरू होणार आहे. तू म्हणतोस, 'नवीन नाव असल्याने कॅशेचा प्रश्न नाही, लगेच दिसेल.' पण 'असं नाव नाही' हे उत्तरही कॅशेमध्ये राहतं. किती वेळ, ते 1998 च्या आरएफसी 2308 ने ठरवलं: एसओए नोंदीचा स्वतःचा टीटीएल आणि तिच्यातला शेवटचा आकडा, यांतला लहान. आपल्याकडे ते 86400 आणि 3600 आहेत, म्हणजे एक तास. एखाद्या उत्साही शाखाधिकाऱ्याने पावणेदहाला तो पत्ता उघडून पाहिला, तर त्या शाखेच्या रिझॉल्व्हरवर पावणेअकरापर्यंत तो दिसणार नाही. उपाय सोपा आहे: हे नाव शुक्रवारीच तयार कर आणि त्यावर 'लवकरच सुरू होत आहे' असं पान ठेव. तोवर तो पत्ता कुणाला देऊ नकोस.

`ipconfig /flushdns` ची सूचना राहू दे, पण त्याने फक्त त्या संगणकाचा कॅशे रिकामा होतो, वरच्या रिझॉल्व्हरचा नाही, एवढं जोड. 'टीटीएल संपला की नक्कीच नवा आयपी' यातलं 'नक्कीच' काढ. मूळ सर्व्हर गाठता आला नाही तर मुदत संपलेलं उत्तर द्यायची मोकळीक रिझॉल्व्हरला आरएफसी 8767 ने 2020 मध्ये दिली आहे. शिवाय काही प्रोग्रॅम टीटीएलकडे बघतच नाहीत: त्यांच्या मुख्य कार्यालयातला एनजिनएक्स `proxy_pass` मध्ये सरळ लिहिलेलं नाव सुरू होताना एकदाच शोधतो. शनिवारी तो रीलोड करायचं काम मी माझ्याकडे घेतो.

याच कारणासाठी जुना सर्व्हर किमान एक आठवडा चालू राहील, पण त्यावरचे अर्ज स्वीकारणं 10 वाजता बंद. नाहीतर कुणा खातेदाराचा अर्ज जुन्या डेटाबेसमध्ये पडून राहील आणि त्याला वाटेल की तो पोचला.

शाखांसाठीचा परिच्छेद असा ठेव:

'शनिवारी रात्री 10 नंतर बहुतेक ठिकाणी पाच ते दहा मिनिटांत नवी वेबसाइट दिसेल. काही ठिकाणी जुनी साइट थोडा अधिक वेळ दिसू शकते. तिच्यावर वर एक पिवळी पट्टी असेल आणि अर्ज भरता येणार नाही. अशा वेळी संगणक बंद करून पुन्हा सुरू करा. रविवारी सकाळी 9 नंतरही पिवळी पट्टी दिसत असेल, तर शाखेचं नाव आणि इंटरनेट कुणाचं आहे, एवढं आम्हाला कळवा.'

दुरुस्त मसुदा गुरुवारी संध्याकाळपर्यंत दे. शुक्रवारी टीटीएल कमी करायच्या आधी तो सचिवांच्या हातात असला पाहिजे.