हातांचे गाव: छायाचित्र प्रदर्शनातील द्विपदी

या दालनातील छायाचित्रे पाहताना प्रेक्षकांनी आधी चित्रापुढे थोडा वेळ थांबावे आणि मगच खालच्या दोन ओळी वाचाव्यात, अशी आमची विनंती आहे. गावाचे चित्र म्हटले की हिरवे शेत, कौलारू घर आणि मावळता सूर्य इतकेच डोळ्यांपुढे येते. त्या देखाव्यामागचे कष्ट मात्र चौकटीबाहेर राहतात, आणि ते चौकटीत यावेत म्हणूनच येथे हात, पाठी, खांदे, घट्टे आणि वापरून झिजलेल्या वस्तू यांना मानाची जागा दिली आहे. काही द्विपदींखाली टिपण जोडले आहे. जेथे चित्र स्वतःच पुरेसे बोलते तेथे ते जोडलेले नाही.

१. विहिरीचा काठ

दोर घासून घासून दगडाला पडे खाच,
किती पिढ्यांची तहान, बोट फिरवून वाच.

दोर सुती असो वा काथ्याचा, तो दगडापेक्षा कितीतरी मऊ असतो. तरीही रोजच्या ओढीने, ओल्या दोराला चिकटलेल्या वाळूच्या कणांसह, तो काठाचा दगड हळूहळू कापत जातो. चित्रातील सर्वांत खोल खाच पायऱ्यांच्या बाजूला आहे, कारण उभे राहायला तीच जागा सोयीची होती. सकाळचे तिरके ऊन पडते तेव्हाच या खाचांत सावली भरते आणि त्या दिसू लागतात; भर दुपारी हाच दगड सपाट वाटतो.

२. नांगरट

नांगराच्या फाळापाशी माती वळवते कूस,
आभाळाकडे लावून डोळे बसतो माणूस.

३. तिफणीवरची मूठ

तीन नळ्यांतून जाई एका मुठीचे बियाणे,
तिच्या बोटांना ठाऊक, कुठे किती द्यावे दाणे.

तिफणीला तीन फण असतात आणि वरच्या चाड्यात सोडलेले बी तीन नळ्यांतून तीन ओळींत पडते. मूठ सैल झाली तर रोपे दाटतात, आवळली तर ओळीत मोकळ्या जागा राहतात, आणि ही चूक उगवण होईपर्यंत कोणालाच दिसत नाही. बैल हाकणाऱ्याचे चित्र सगळेच काढतात. आम्ही कॅमेरा चाड्याच्या उंचीवर धरला, म्हणून येथे मूठ मोठी दिसते आणि बैलांचे फक्त पाय दिसतात.

४. खुरपणी

ओळीत वाकल्या पाठी, चेहरा एक दिसेना,
तणाआड उभे पीक त्यांच्यावाचून वाढेना.

५. बांधावरची झोळी

बांधावरच्या झाडाला झोळी लुगड्याची हले,
खुरपे चालू राहते, कान तिकडेच वळे.

झोळीची सावली सरकत जाते तशी आई दर थोड्या वेळाने उठून झोळीची फांदी बदलते. हे चित्र दुसऱ्या फांदीवरचे आहे. पहिल्या फांदीला लुगड्याच्या काठाचा एक धागा अडकून राहिला आहे, तो डाव्या कोपऱ्यात जरूर पाहावा.

६. जू उतरल्यावर

जू उतरले तरीही मानेवर घट्टा राहे,
धनी हात फिरवतो, बैल डोळे मिटू पाहे.

७. खळ्यावरचा वारा

सूप उंच धरताच वारा निवाडा करतो,
दाणा पडे पायापाशी, दूर भुसा विखुरतो.

उफणणीला वारा एका बाजूने, सलग आणि बेताचा लागतो. तो पडला की माणसे सूप खाली ठेवून वाट पाहतात आणि सुटला की उन्हाचीही पर्वा न करता उभी राहतात. शटर १/१५ सेकंद उघडे ठेवल्यामुळे हलका भुसा पांढऱ्या पट्ट्यासारखा लांबलेला दिसतो, तर जड दाण्यांच्या रेषा सरळ खाली उतरतात. धान्य निवडणाऱ्या वाऱ्याचे काम एरवी डोळ्यांना सुटे करून दाखवता येत नाही, म्हणून या प्रदर्शनातील हेच चित्र आम्ही सर्वांत मोठे छापले आहे. सूर्य कॅमेऱ्यासमोर असल्याने उफणणाऱ्याचा चेहरा काळोखात गेला आहे. तो उजळवण्याचा मोह आम्ही टाळला, कारण चेहरा उजळला असता तर भुश्याची कड बुजली असती.

८. कोपऱ्यातले जाते

जात्याचा खुंटा अजून तळव्यांनी चकाकतो,
गिरणीचा पट्टा दूर ओव्यांवाचून धावतो.

खालची तळी स्थिर राहते आणि वरची खुंट्याला धरून फिरवावी लागते. घरभराचे पीठ निघेपर्यंत दोन्ही मनगटांना विसावा नसतो. ओव्या गेल्याची हळहळ आम्हालाही वाटते, पण ती हळहळ व्यक्त करताना पहाटेपासून दळणाऱ्या बायकांच्या खांद्यांचे दुखणे कोणी विसरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. गिरणी आली हे चांगलेच झाले. चित्रात जाते धुळीने माखले आहे. चकाकतो तो फक्त खुंटा.

९. शाळेची पायरी

शाळेच्या पायरीपाशी चपलांची रांग मोठी,
एक जोड थोरल्याचा आता धाकट्याच्यासाठी.

१०. घागरींची रांग

माणसांच्या जागी उभ्या घागरी ओळीत गप्प,
टँकर येईतो सारी घरची कामेही ठप्प.

ज्या घागरीला पोचा आहे किंवा जिच्या गळ्याशी रंगीत चिंधी बांधली आहे ती कोणाची, हे रांगेतल्या प्रत्येकीला माहीत असते. त्यामुळे मालकीण घरी गेली तरी तिचा नंबर कोणी घेत नाही. हा विश्वास चित्रात कुठेच दिसत नाही, पण संपूर्ण चित्र त्याच्यावरच उभे आहे.

११. सडकेवरचा थांबा

सडकेला थांबा आहे, गाडी दिवसाला एक,
आई हात हलवते, पाठमोरी होते लेक.

१२. टेकडीवर

नेटवर्क सापडते टेकडीच्या माथ्यावर,
थोरला परगावचा बोले, ऐके सारे घर.

फोन आजोबांच्या हातात आहे आणि तो सगळ्यांना ऐकू यावा म्हणून त्यांनी हात सरळ पुढे धरला आहे. धाकटी मात्र फोनकडे न पाहता आजोबांच्या चेहऱ्याकडे पाहते आहे, कारण बातमी चांगली की वाईट हे तिला तिथेच आधी कळणार आहे.

१३. बंद घर

कुलपाला गंज आला, किल्ली शेजारणीपाशी,
तीच लावते दिवाही त्यांच्या ओस उंबऱ्याशी.

१४. पार

पारावरल्या गप्पांना घड्याळाचे नसे भान,
एक जागा रिती आहे, तिला देती सारे मान.

१५. आजी

फोटो काढून गेलात, आम्हां कधी दाखवाल?
तिची थेट ही नजर तुम्ही कशी चुकवाल?

हा प्रश्न आजींनी चित्र काढतानाच विचारला होता आणि तो रास्त होता. म्हणून हे प्रदर्शन शहरात मांडण्याआधी हीच चित्रे गावातील शाळेच्या भिंतीवर लावली, आणि ज्यांची चित्रे आहेत त्यांच्याकडून ती येथे दाखवण्याची परवानगी घेतली. दोघांनी नकार दिला, त्यांची चित्रे येथे नाहीत. बाकी प्रत्येक घराला आपापल्या चित्राची एक मोठी प्रत दिली आहे. आजींची प्रत त्यांनी भिंतीवर न टांगता ट्रंकेत ठेवली आहे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला त्या ती स्वतः काढून दाखवतात.