‘दीक्षा’ अ‍ॅप फोनमध्ये घेणे व पाठ साठवून ठेवणे : इयत्ता चौथीच्या पालकांसाठी सूचना

सन्माननीय पालक,

वाडीवर नेटवर्क टिकत नसल्याने मुलांना घरी पाठ पाहता येत नाहीत, ही अडचण पालकसभेत अनेकांनी मांडली होती. त्यावर उपाय म्हणून पाठ एकदाच फोनमध्ये उतरवून ठेवावेत. त्यासाठी दर शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास शाळेचे वायफाय पालकांसाठी सुरू राहील. येताना फोन पूर्ण चार्ज करून आणावा आणि पाल्याची पाठ्यपुस्तके विसरू नयेत.

प्रथम प्ले स्टोअरमध्ये DIKSHA असे इंग्रजीत टाइप करून शोधावे. अ‍ॅप एनसीईआरटीचे आहे याची खात्री करूनच Install दाबावे, कारण तशाच नावाची इतर अ‍ॅपही दिसू शकतात. हे अ‍ॅप मोफत आहे. त्यासाठी कोणी पैसे, ओटीपी किंवा बँकेचा तपशील मागितल्यास देऊ नये. अ‍ॅप उघडल्यावर भाषा मराठी, भूमिका विद्यार्थी, मंडळ महाराष्ट्र राज्य, माध्यम मराठी आणि इयत्ता चौथी असे निवडावे. पाठ पाहण्यासाठी लॉगिन करण्याची गरज नाही. कॅमेरा वापरण्याची परवानगी मागितली जाईल, ती द्यावी; तिच्याशिवाय पुस्तकातील कोड वाचला जात नाही.

बालभारतीच्या पुस्तकात छापलेला चौकोनी क्यूआर कोड अ‍ॅपमधील स्कॅनरने वाचला की त्याच्याशी जोडलेले साहित्य दिसते. पान फाटले असेल किंवा कॅमेरा धूसर असेल, तर कोडखाली छापलेली सहा अक्षर-अंकांची खूण टाइप करावी. हवा तो पाठ उघडून डाउनलोडचे बटण दाबावे व डाउनलोड पूर्ण होईपर्यंत अ‍ॅप बंद करू नये. काही व्हिडिओ केवळ इंटरनेटवरच चालतात, त्यामुळे ते साठवता आले नाहीत तर फोन बिघडला असे समजू नये.

आता सर्वांत महत्त्वाचे, आणि नेमके हेच बहुतेक जण विसरतात. शाळेतून निघण्यापूर्वी वायफाय आणि मोबाइल डेटा दोन्ही बंद करावे, अ‍ॅपमधील डाउनलोडच्या यादीत जाऊन प्रत्येक पाठ सुरू करून पाहावा आणि जो चालत नाही तो तिथेच पुन्हा उतरवावा. घरी पोहोचल्यावर हे कळले तर पुढच्या शनिवारपर्यंत थांबावे लागेल.

फोनमध्ये जागा कमी असल्यास एका वेळी एकाच घटकाचे पाठ घ्यावेत. ते शिकून झाले की अ‍ॅपच्या डाउनलोड यादीतूनच काढून टाकावेत. अ‍ॅप मात्र काढून टाकू नये, अन्यथा साठवलेले पाठही जातील. घरात एकच फोन असून तो कामावर जात असेल, तर संध्याकाळी अर्धा तास तो मुलासाठी राखून ठेवावा.

साधा फोन असलेल्या पालकांनी संकोच न करता वर्गशिक्षकांना सांगावे. त्यांच्या पाल्यांना शाळेतील टॅबवर मधल्या सुट्टीनंतर हेच पाठ दाखवले जातील.

आपले,
मुख्याध्यापक व वर्गशिक्षक, इयत्ता चौथी